लोकलचा पास की रोजचं तिकीट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसने आठवड्यातून तीनच दिवस यायला सांगितलं, नोकरी बदलली, मुलीचं कॉलेज दुसऱ्या लाइनवर गेलं, की घरोघरी एकच हिशेब सुरू होतो: पास काढायचा की तिकिटावर भागवायचं? हे प्रश्न वर्षभर येत राहतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहिली आहेत. सगळा हिशेब मुंबईच्या लोकलचा आहे. मेट्रो आणि एसटीचं गणित वेगळं असल्यामुळे ते शेवटी दिलं आहे.

उदाहरणांसाठी सेकंड क्लासची तीन अंतरं घेतली आहेत, सगळी चर्चगेटपासून. दादरचं तिकीट ५ रुपये आणि महिन्याचा पास १०० रुपये. बोरिवलीचं तिकीट १५ आणि पास २१५. विरारचं तिकीट २० आणि पास ३१५. तुमचं स्टेशन यांत नसेल तर खिडकीवर किंवा मोबाइलच्या अ‍ॅपवर दोन्ही आकडे पाहून घ्या. पैसे न भरताही तिथे भाडं दिसतं.

१. आकडेमोड नको, थोडक्यात सांगा. महिन्यात किती दिवस जाणं-येणं असेल तर पास काढावा?

सेकंड क्लासने महिन्यात अकरा किंवा जास्त दिवस जाऊन-येऊन प्रवास असेल तर डोळे मिटून पास काढा. सात किंवा कमी दिवस असतील तर बहुतेक वेळा तिकीट बरं पडतं. आठ ते दहा दिवसांच्या मधल्या पट्ट्यात मात्र तुमचं अंतर कोणतं यावर उत्तर ठरतं. खालचे बहुतेक प्रश्न याच पट्ट्यातल्या लोकांचे आहेत.

२. माझ्या स्टेशनसाठी हिशेब नेमका कसा करायचा?

पासच्या किमतीला एका फेरीच्या तिकिटाने भागा. जो आकडा येईल त्याच्या पुढच्या पूर्ण फेरीपासून पास स्वस्त. इथे फेरी म्हणजे एका बाजूचा प्रवास, जाऊन-येऊन दोन फेऱ्या होतात.

बोरिवलीचं पाहू. २१५ भागिले १५, म्हणजे १४.३. चौदा फेऱ्या तिकिटाने केल्या तर २१० रुपये जातात, पासपेक्षा ५ रुपये कमी. पंधराव्या फेरीला २२५ होतात आणि पास पुढे निघतो. म्हणजे सात दिवसांच्या जाण्या-येण्यापर्यंत तिकीट, आठव्या दिवसापासून पास. महिन्याचे बावीस दिवस जाणाऱ्याच्या ४४ फेऱ्या होतात. त्याला तिकिटांना ६६० रुपये लागतील आणि पास तेवढ्याच २१५ रुपयांत येईल. म्हणून रोज जाणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही.

फेऱ्या मोजताना फक्त ऑफिसच्या धरू नका. पास दोन स्टेशनांमधल्या सगळ्या स्टेशनांना चालतो आणि फेऱ्यांवर मर्यादा नसते. रविवारी बोरिवलीहून दादरला भाजी-फुलं आणायला गेलात, संध्याकाळी अंधेरीला बहिणीकडे उतरलात, तरी तो प्रवास पासातच आहे. अनेकजण ऑफिसचे सहा दिवस मोजतात आणि ‘तिकीटच परवडतं’ असं लिहितात. नीट विचारलं तर दोन रविवारही निघतात, आणि उत्तर उलटं होतं.

३. रिटर्न तिकीट काढलं तर स्वस्त पडत नाही का?

नाही. लोकलचं रिटर्न म्हणजे सरळ दोन सिंगल तिकिटांचे पैसे. एक रांग वाचते, बाकी काही नाही. हिशेबात रिटर्नला दोन फेऱ्या धरा.

४. अंतर जितकं जास्त तितका पास जास्त फायद्याचा, हे खरं ना?

वाटतं तसं, पण खरं नाही. दादरचा पास वीस फेऱ्यांना तिकिटाच्या बरोबरीला येतो (१०० भागिले ५), बोरिवलीचा पंधराव्या फेरीला वसूल होतो आणि विरारचा सोळाव्या (३१५ भागिले २०, म्हणजे १५.७५). विरारचा प्रवास बोरिवलीपेक्षा पंचवीसेक किलोमीटरने लांब, तरी त्याचा पास एक फेरी उशिराच वसूल होतो.

याचं कारण असं की भाडं किलोमीटरगणिक वाढत नाही, टप्प्याटप्प्याने वाढतं. तिकिटाचे टप्पे वेगळे आणि पासचे वेगळे. शिवाय तिकीट पाचाच्या पटीत गोल केलेलं असतं. ५ रुपयांचं तिकीट १० झालं की ते एकदम दुप्पट होतं, पण पास त्याच स्टेशनावर वाढेलच असं नाही. जिथे तिकीट १० झालं आहे आणि पास अजून १०० वरच आहे, तिथे पास दहाच फेऱ्यांत, म्हणजे पाच दिवसांत वसूल होतो. लोकलमधला सगळ्यात फायद्याचा पास हाच. उलट ५ रुपयांच्या तिकिटाचं अंतर पासासाठी सगळ्यात नावडतं, कारण तिथे तिकीटच इतकं स्वस्त आहे की पासला वीस फेऱ्या लागतात.

टप्प्यांचा आणखी एक उपयोग आहे. पास काढताना तुमच्या स्टेशनच्या पुढच्या एक-दोन स्टेशनांचा दरही पाहा. दर तोच असेल तर पास पुढच्या स्टेशनपर्यंतचा घ्या. त्याच पैशात जास्त लाइन मिळते आणि प्रश्न ११ मधली अडचण पुष्कळदा येतच नाही.

५. मी आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जातो. माझ्यासाठी काय?

गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. आठवड्याला दोन दिवस म्हणजे महिन्याला आठ किंवा नऊ दिवस, सोळा ते अठरा फेऱ्या. म्हणजे तुम्ही नेमके मधल्या पट्ट्यात आहात.

दादर-चर्चगेट असेल तर नऊ दिवसांचे ९० रुपये होतात, पास १०० चा. तिकीट काढा. बोरिवली-चर्चगेट असेल तर आठ दिवसांचेच २४० होतात, पास २१५ चा. पास काढा. विरारहून आठ दिवसांचे ३२० आणि पास ३१५, म्हणजे जवळजवळ सारखंच. नववा दिवस आला तर ३६० होतात आणि पास सरळ ४५ रुपयांनी पुढे जातो. दोघं एकाच ऑफिसात, एकाच टेबलावर, आठवड्यातून तेच दोन दिवस येत असले तरी एकाने पास काढावा आणि दुसऱ्याने तिकीट, असं होऊ शकतं. शेजारच्याचं पाहून ठरवू नका, इतकंच माझं सांगणं.

तीन दिवस जात असाल तर बारा-तेरा दिवस होतात आणि तिन्ही अंतरांना पास स्वस्त. एकच दिवस जात असाल तर तिन्हींना तिकीट.

फरक पाच-दहा रुपयांचाच असेल तर मी पासच काढतो. आठवड्यात एखादा जादा दिवस ऑफिसला बोलावलं तरी खिसा हलत नाही आणि सकाळी रांगेत उभं राहावं लागत नाही. पण ही माझी निवड झाली, हिशेब तुमचा तुम्ही करा.

६. पास इतका स्वस्त कसा? रेल्वेला परवडतं?

महिन्याच्या पासाचा मूळ हिशेब पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बसवलेला आहे. म्हणून सेकंड क्लासचे बहुतेक पास पंधराच्या आसपास वसूल होतात. नेमके पंधरावर होत नाहीत, कारण तिकीट गोल केलेलं असतं आणि पासावर मुंबईतल्या रेल्वे प्रकल्पांसाठीच्या एमयूटीपीसारखे अधिभार वेगळे चढतात.

जून २०१४ मध्ये पंधराऐवजी तीस फेऱ्यांचे पैसे घ्यायचं जाहीर झालं होतं. तसं झालं असतं तर पास जवळजवळ दुप्पट झाला असता. मुंबईत त्यावर मोठा ओरडा झाला आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेऊन पुन्हा पंधरा फेऱ्यांवर आणला. त्या आठवड्यात जुन्या दराचा पास मिळावा म्हणून खिडक्यांवर लागलेल्या रांगा जुन्या प्रवाशांना आठवत असतील. १ जुलै २०२५ ला लांब पल्ल्याची भाडी वाढली तेव्हा उपनगरी तिकिटं आणि पास यांना हात लावला गेला नाही.

परवडण्याचं म्हणाल, तर लोकल गर्दीसाठीच चालते. रोजच्या माणसाने खिडकीवर वेळ घालवू नये, हाच पासामागचा विचार आहे.

७. महिना म्हणजे एक तारखेपासून? पास कधी काढावा?

नाही. पास ज्या तारखेपासून सुरू कराल तिथून महिनाभर चालतो. १२ तारखेला सुरू केला तर पुढच्या महिन्याच्या ११ ला संपतो. म्हणून फेऱ्या कॅलेंडरच्या महिन्यातल्या नव्हे, या बारा ते अकराच्या चौकटीतल्या मोजायच्या.

पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. एका वाचकाचा पास १४ सप्टेंबरला संपत होता, बोरिवली-चर्चगेटचा. १६ तारखेला दहा-अकरा दिवसांसाठी कोकणात जायचं होतं. सवयीने त्याने १५ लाच नवा पास काढला. तो पास एक दिवस वापरला आणि मग गावाहून परत आल्यावर उरलेला. त्याऐवजी १५ तारखेला ३० रुपयांचं रिटर्न काढून नवा पास २७ ला सुरू केला असता, तर तोच पास बारा दिवस पुढे सरकला असता. २१५ रुपयांच्या पासाचा एक दिवस साधारण ७ रुपयांना पडतो. बारा दिवसांचे ८६ रुपये, त्यातून रिटर्नचे ३० वजा. एका तारखेने ५६ रुपये गेले, म्हणजे पासाची चौथाई.

मोठी सुट्टी समोर दिसत असेल तर आधी सुट्टी, मग पास. मधल्या एक-दोन दिवसांना तिकीट काढायला कचरू नका. आणि पास वापरला नाही म्हणून उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळत नाहीत, हेही धरून चाला.

८. तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा पास जास्त स्वस्त असतो का?

तीन महिन्यांचा असतो. तो महिन्याच्या पासाच्या साधारण २.७ पट दराने मिळतो, म्हणजे तीन महिन्यांत नऊ दिवस फुकट. सहा महिन्यांचा ५.४ पट आणि वर्षाचा १०.८ पट. आता हे आकडे नीट पाहा: ५.४ म्हणजे २.७ ची दुप्पट आणि १०.८ म्हणजे चौपट. तिमाहीच्या पुढे सवलत एक पैसाही वाढत नाही. वर्षाचा पास घेणाऱ्याला ‘वर्षाचा म्हणजे सगळ्यात स्वस्त’ वाटतं, पण दर महिन्याला तो तिमाहीवाल्याइतकेच पैसे भरतो. त्याच्या रांगा वाचतात आणि वर्षात भाडं वाढलं तर झळ बसत नाही, हे दोन फायदे खरे आहेत. उलट मध्येच नोकरी किंवा घर बदललं तर अडकलेले पैसेही त्याचेच जास्त.

तिमाही घेण्याआधी तीन महिन्यांत एखादा महिना रिकामा जाणार आहे का ते पाहा. बोरिवलीचा तिमाही पास २१५ च्या २.७ पट, म्हणजे ५८० च्या आसपास. समजा मे महिन्यात तुम्ही पाचच दिवस जाणार आहात. मग दोन महिन्यांचे पास ४३० आणि पाच दिवसांची तिकिटं १५०, एकूण तेच ५८०. पाचपेक्षा कमी दिवस जाणार असाल तर तिमाही महाग पडला, जास्त जाणार असाल तर स्वस्त. शाळेत नोकरी करणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या आधी हा हिशेब जरूर करावा.

९. फर्स्ट क्लासलाही हाच आठ दिवसांचा नियम का?

नाही, आणि फर्स्ट क्लासवाल्यांनी जुना ठोकताळा आता सोडायला हवा. ५ मे २०२२ पासून फर्स्ट क्लासच्या एकेरी तिकिटाचं मूळ भाडं निम्म्यावर आलं. सगळ्यात कमी अंतराचं ५० चं तिकीट २५ झालं. पण पासचे दर तेच राहिले. म्हणजे तिकीट स्वस्त झालं, पास नाही, आणि पास वसूल व्हायला आधीपेक्षा जास्त फेऱ्या लागू लागल्या.

बोरिवली-चर्चगेट किंवा ठाणे-सीएसएमटी इतक्या अंतराला फर्स्टचं तिकीट ८५ आणि महिन्याचा पास ७५५ धरून चालू. ७५५ भागिले ८५, म्हणजे ८.९. आठ फेऱ्यांचे ६८० होतात, नवव्या फेरीला ७६५. म्हणजे चार दिवसांच्या जाण्या-येण्यापर्यंत तिकीट आणि पाचव्या दिवसापासून पास. पूर्वी तिकीट १४० च्या घरात होतं तेव्हा सहाव्या फेरीलाच पास वसूल व्हायचा.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. सेकंडला पंधरा फेऱ्या लागतात, फर्स्टला नऊच. तिकीट निम्मं झाल्यावरही फर्स्ट क्लासमध्ये पास लवकर वसूल होतो. आठवड्यातून दोन दिवस फर्स्टने जाणाऱ्याने सोळा तिकिटं काढली तर १,३६० रुपये जातात. तिथे पास न काढणं म्हणजे दरमहा सहाशे रुपये सोडून देणं. एसी लोकलची तिकिटंही त्याच दिवशी स्वस्त झाली आणि तिथेही पास तसाच राहिला, म्हणून एसीचा हिशेबही आजच्या दोन आकड्यांवर नव्याने करा.

१०. माझा सेकंडचा पास आहे, पण पाठ दुखते तेव्हा फर्स्टने जावंसं वाटतं. फर्स्टचा पासच काढू का?

महिन्यात किती वेळा, यावर आहे. सेकंडचा पास २१५ आणि लागेल तेव्हा फर्स्टचं ८५ चं पूर्ण तिकीट, असं धरा. सहा वेळा गेलात तर २१५ अधिक ५१०, म्हणजे ७२५. फर्स्टच्या पासपेक्षा ३० रुपये कमी. सातव्या वेळी ८१० होतात आणि फर्स्टचा पास स्वस्त. म्हणून महिन्याला सहा फेऱ्यांपर्यंत वेगळं तिकीट, त्यापुढे फर्स्टचा पास.

सेकंडचा पास खिशात आहे म्हणून फर्स्टमध्ये चढून मागून फरक भरता येईल, असं समजू नका. टीसी आला तर तो दंडाचाच प्रवास असतो. चढण्याआधी तिकीट हातात हवं.

११. पास बोरिवलीपर्यंतचा आहे आणि कधीतरी विरारला जावं लागतं. पूर्ण तिकीट काढावं लागेल?

नाही. जिथे पास संपतो तिथून पुढचंच तिकीट काढा, बोरिवली ते विरार. ते निघण्याआधी काढा, बोरिवलीला गाडी थांबल्यावर उतरून नव्हे.

वारंवार जात असाल तर विरारचाच पास घ्यावा का, हाही भागाकाराचाच प्रश्न आहे. दोन पासांत फरक १०० रुपयांचा. बोरिवली-विरार तिकिटाने १०० ला भागा. जितक्या फेऱ्या येतील त्यापेक्षा जास्त वेळा जात असाल तर पास मोठा करा. इथे १५ नव्हे, फक्त वाढीव तुकड्याच्या फेऱ्या मोजायच्या. पुष्कळजण पूर्ण पासाचा हिशेब पुन्हा मांडतात आणि गोंधळतात.

१२. मला दादरला गाडी बदलून दुसऱ्या लाइनवर जावं लागतं. दोन पास काढू का एक?

एकच, व्हाया दादर. खिडकीवर सुरुवातीचं स्टेशन, शेवटचं स्टेशन आणि ‘व्हाया दादर’ हे तिन्ही नीट सांगा आणि हातात पास आल्यावर मार्ग वाचून मगच बाजूला व्हा. दोन्ही लाइनचं अंतर एकत्र मोजून एकच दर लागतो. दोन वेगळे पास घेतले की प्रत्येकाचा सुरुवातीचा, म्हणजे किलोमीटरमागे सगळ्यात महाग टप्पा दोनदा भरावा लागतो.

तिकिटालाही हेच लागू आहे. फक्त एका लाइनपुरताच पास आहे आणि दुसऱ्या लाइनवर अधूनमधून जाणं होतं, असं असेल तर उत्तर ११ प्रमाणे दादरपासून पुढचं तिकीट काढायचं.

१३. विद्यार्थ्यांच्या पासाचं काय?

कॉलेजचं कन्सेशन घेऊन पास काढला की सर्वसाधारण विद्यार्थ्याला तो साधारण निम्म्या दरात पडतो. मग फेऱ्याही निम्म्या लागतात: बोरिवली-चर्चगेटला आठव्या फेरीलाच, म्हणजे चार दिवसांत वसूल. आठवड्यातून एकदा प्रॅक्टिकलला जाणाऱ्यालाही पास फायद्याचा होतो. एकच बंधन आहे: हा पास घर ते कॉलेज एवढ्याच मार्गाचा मिळतो, क्लास दुसरीकडे असेल तर त्या बाजूचा वेगळा खर्च धरा. कन्सेशनचा कागद कॉलेजच्या खिडकीवरून वेळेत आणा. परीक्षेच्या दिवसांत तिथली रांग स्टेशनपेक्षा लांब असते.

१४. पास काल संपला, लक्षात आलं नाही. एखाद्या दिवसाचं चालवून घेतात का?

नाही. संपलेला पास म्हणजे विनातिकीट. भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. बोरिवलीचा पूर्ण महिन्याचा पास २१५ चा आणि एका दिवसाची विसर त्याहून महाग.

माझ्याकडून हे एकदा झालं आहे. प्लॅस्टिकच्या कव्हरात पास होता, तारखेवर कव्हरची शिवण आली होती आणि २१ मला २७ वाटली होती. टीसीने पास उजेडाला धरून माझ्यासमोर अंगठ्याने कव्हर मागे सारलं तेव्हा मला तारीख दिसली. तेव्हापासून पास काढला की त्याच पावली फोनमध्ये आदल्या दिवसाची आठवण लावतो. मोबाइलवरच्या पासाला कव्हर नसतं, पण बॅटरी असते. फोन बंद पडला आणि पास दाखवता आला नाही, तर तोही विनातिकीटच धरतात.

१५. घरातले दोघं वेगवेगळ्या दिवशी जातात. एक पास दोघांत चालेल?

चालत नाही. पास नावाचा असतो, सोबत ओळखपत्र लागतं आणि दुसऱ्याच्या पासावरचा प्रवास दंडाचा आहे. दोघांचा हिशेब वेगवेगळा करा. एकाचे बारा दिवस आणि दुसऱ्याचे पाच असतील तर एकाला पास आणि दुसऱ्याला तिकीट, हेच बरोबर उत्तर आहे.

१६. मेट्रोच्या पासालाही हाच हिशेब लावू?

भागाकार तोच, पण मेट्रोच्या पासात फेऱ्या मोजलेल्या असतात. मेट्रो २अ आणि ७ वर ४५ फेऱ्यांच्या पासाला १५ टक्के आणि ६० फेऱ्यांच्या पासाला २० टक्के सवलत आहे, मुदत तीस दिवस. ४५ फेऱ्यांवर १५ टक्के सूट म्हणजे सव्वाअडतीस तिकिटांचे पैसे. म्हणजे एकोणचाळिसाव्या फेरीपासून फायदा. ६० वाल्याला ४८ तिकिटांचे पैसे पडतात.

लोकलमध्ये आठ दिवसांत सुटणारा हिशेब इथे वीस दिवसांना टेकतो. आठवड्यातून तीन दिवस जाणाऱ्याने लोकलचा पास जरूर काढावा, मेट्रोचा काढू नये. उरलेल्या फेऱ्या मुदत संपली की गेल्या.

१७. आणि एसटीचा मासिक पास?

एसटीत वीस दिवसांचं जाण्या-येण्याचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो, तिमाहीत पन्नास दिवसांचं भरून नव्वद दिवस. इथे अंतराने काही फरक पडत नाही, कारण पासाची किंमतच तिकिटावरून ठरते. दहा किलोमीटर असो की साठ, एकविसाव्या दिवसापासून फायदा. आठवड्याचे सहा दिवस तालुक्याला जाणाऱ्याचे सव्वीस दिवस होतात, त्याला सहा दिवस सुटतात. पाच दिवसवाल्याचे बावीस, त्यातून एखादी रजा आणि एखादी सुट्टी गेली की बरोबरी. तिमाहीला मात्र महिन्याला सतरा दिवसही पुरतात, म्हणून एसटीच्या पाच दिवसवाल्याने मासिक सोडून तिमाही पाहावा.

महिलांचं उत्तर वेगळं आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. निम्म्या तिकिटाने महिन्याचे तीसही दिवस जाऊन-येऊन प्रवास केला तरी पंधरा दिवसांच्या पूर्ण भाड्याइतके पैसे होतात. पूर्ण दराचा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्याचा आहे, तो कधीच वसूल होणार नाही. तिमाहीचंही तेच: नव्वद दिवसांचं निम्मं भाडं म्हणजे पंचेचाळीस दिवसांचे पैसे, आणि पास पन्नासचा. आगारात ‘सवय म्हणून’ पूर्ण दराचा पास पुढे चालू ठेवणाऱ्या ताई अजून भेटतात. त्यांनी रोज कंडक्टरकडून निम्मं तिकीट घ्यावं.